गादी बसली की पलंग? दोरी, वजन आणि शेवटी कटर

आमच्या पलंगावरची गादी काथ्याची होती. आत चार इंच रबराइज्ड कॉयर, त्याच्या वर-खाली फोमचा पाऊण-पाऊण इंचाचा थर आणि बाहेरून शिवलेलं जाड कापड. नवऱ्याची कंबर रोज सकाळी धरायची आणि उठून थोडं हिंडलं-फिरलं की मोकळी व्हायची. मी कुशीवर झोपते, त्यामुळे कंबर ठीक असायची, पण खालच्या बाजूचा खांदा ठणकायचा. त्याला गादी खचलीय असं वाटायचं आणि मला ती दगडासारखी कडक झालीय असं वाटायचं. एकाच गादीबद्दल इतक्या उलट तक्रारी कशा, हे मला आधी समजून घ्यायचं होतं.

गादी आठ-दहा वर्षांनी बदलावी असं सर्रास सांगितलं जातं. त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. जाड, भरीव लेटेक्सची, म्हणजे फेसाळ रबराची गादी त्याहून बरीच जास्त टिकते आणि हलक्या फोमची गादी त्याच्या निम्म्या काळातही बसते. वर झोपणाऱ्याचं वजन किती, खालचा पलंग सपाट आहे का, गादी कधी फिरवली जाते का, यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणून आम्ही वर्षं मोजण्यापेक्षा गादीच मोजायचं ठरवलं.

पहिली तपासणी दोरीची. चादर, खोळ सगळं काढलं आणि गादी तासभर रिकामी ठेवली, म्हणजे अंगाच्या वजनाने तात्पुरतं दबलेलं जेवढं वर यायचं तेवढं येईल. मग कंबर येते त्या रेषेत, रुंदीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बारीक दोरी ताणून धरली. दोन्ही टोकांना दोघं आणि मध्ये फूटपट्टी उभी धरायला मुलगी. दोरी आणि गादी यांच्यातलं अंतर नवऱ्याच्या बाजूला ३४ मिलिमीटर आणि माझ्या बाजूला १९ मिलिमीटर भरलं. मधे, जिथे कुणीच झोपत नाही, तिथे गादी दोरीला जवळजवळ टेकली होती. दोन खड्डे आणि मधे उंचवटा.

गादीच्या वॉरंटीत साधारणपणे २५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खोल खड्डा हा दोष धरतात, त्यामुळे ३४ पाहून बरेच जण तिथेच थांबले असते. पण गादी ज्यावर टेकते ती फळीही दबते. म्हणून गादी खाली उतरवून तीच दोरी पलंगाच्या प्लायवर धरली. नवऱ्याच्या बाजूला प्लाय ११ मिलिमीटर खाली गेला होता. खाली वाकून पाहिलं तर प्लायच्या मधल्या आडव्या पट्टीचे स्क्रू सैल होऊन पट्टी खाली लोंबत होती. नंतर गादी सपाट फरशीवर ठेवून पुन्हा मोजली तेव्हा त्याच जागी २४ मिलिमीटर आले. म्हणजे खड्ड्याचा जवळपास तिसरा हिस्सा पलंगाचा होता. पट्टी पुन्हा घट्ट बसवली, मधोमध जमिनीवर टेकणारा एक पाय लावला आणि तीच गादी वर टाकली. नवऱ्याची कंबर बरीच हलकी झाली, पण ताठरपणा पूर्ण गेला नाही. माझ्या खांद्यात काहीही फरक पडला नाही.

नवी गादी आणूनही दुखणं तसंच राहिलं अशा गोष्टी ऐकू येतात, त्यातल्या कित्येकांचं मूळ या प्लायमध्ये असावं असं आता मला वाटतं. वाकलेल्या फळीवर कितीही चांगली गादी टाकली तरी ती त्या फळीचाच आकार घेते. आधी पलंग तपासायचा, मग गादी.

दुखण्याबद्दल एक गोष्ट आम्ही डॉक्टरांना विचारून घेतली होती आणि ती इथे सांगायलाच हवी. गादीचं दुखणं झोपून उठल्यावर जास्त असतं, हालचाल सुरू झाली की लवकर ओसरतं आणि दुसरीकडे झोपलं की कमी होतं. दुखण्याने मध्यरात्री जाग येत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर गादीच्या मागे न लागता आधी डॉक्टरांकडे जायचं. नवऱ्याचं दुखणं पहिल्या प्रकारचं होतं. नातेवाइकांकडे मुक्कामाला गेलो की दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी त्याची कंबर अगदी मोकळी असायची.

दोरीने खड्डा कळतो, पण गादी वजनाखाली कशी वागते ते कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी केली. एक फूट लांब, एक फूट रुंद अशी लाकडी फळी घेतली आणि तिच्यावर पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन ठेवला. फळी आधी नुसती ठेवून तिची उंची मोजायची, मग कॅन ठेवून दोन मिनिटांनी पुन्हा मोजायची. हे दोन जागी करायचं: एकदा कंबर येते तिथे आणि एकदा पायथ्याकडच्या अशा जागी जिथे वर्षानुवर्षं फारसं वजन पडलेलं नाही. ती जागा कडेपासून फूटभर तरी आत असावी, कारण कडेला बहुतेक गाद्या जास्त दबतात. न वापरलेली जागा म्हणजे त्याच गादीचा, ती नवी असतानाचा नमुना. तुलना तिच्याशी करायची.

आमच्या गादीत पायथ्याकडे फळी १५ मिलिमीटर दबली आणि कंबरेच्या जागी फक्त ८. मला वाटलं होतं त्याच्या हे नेमकं उलट निघालं. म्हणून पाहुण्यांच्या खोलीतली फोमची गादी त्याच पद्धतीने तपासली. तिला दोरी लावली तर खड्डा जेमतेम ८ मिलिमीटरचा होता, नजरेला कळणारही नाही असा. पण कॅन ठेवल्यावर कोपऱ्याकडे ३१ मिलिमीटर आणि मधे ४७ मिलिमीटर दबली. दोन्ही गाद्या थकल्या होत्या, पण थकण्याच्या तऱ्हा वेगळ्या. काथ्या आधी दाबून दाबून घट्ट होतो: खड्डा पडतो आणि खड्ड्याचा तळ कडक होतो. फोम मऊ पडतो: रिकामी असताना गादी सपाट दिसते आणि माणूस झोपला की कंबर खोल जाते. म्हणून फोमच्या गादीवर फक्त डोळ्यांनी किंवा दोरीने निकाल देऊ नये, आणि काथ्याच्या गादीवर फक्त हाताने दाबून देऊ नये. हाताने दाबलेली आमची गादी चांगली भक्कमच लागत होती. नवऱ्याला खचल्यासारखी आणि मला कडक वाटत होती, त्यात दोघांचंही बरोबर होतं.

गादी जाणार हे नक्की झाल्यावर मी ती कटरने उघडली. कडेच्या गोटाच्या शिवणीतून कापलं, वरचं कापड बाजूला केलं आणि पायथ्यापासून कंबरेपर्यंत एक लांब पट्टा कापून बाहेर काढला. नवऱ्याच्या बाजूला फोमचा वरचा थर मूळचा १९ मिलिमीटर होता तो १३ वर येऊन कायमचा चपटा झाला होता. उजेडासमोर धरला तर पायथ्याकडचा भाग गच्च दिसायचा आणि कंबरेकडचा विरळ. कॉयरची जाडी पायथ्याकडे १०२ मिलिमीटर, कंबरेखाली ८४. म्हणजे १८ काथ्याचे आणि ६ फोमचे, एकूण २४. फरशीवर मोजलेला खड्डा तंतोतंत जुळला. फोमच्या खालच्या थरात जवळजवळ काहीच फरक नव्हता.

त्या पट्ट्याची दोन टोकं मी आजही कुणी विचारलं की दाखवते. रबराइज्ड कॉयर करताना नारळाच्या सोडणाच्या तंतूंना आधी दोरासारखा पीळ देतात आणि मग तो उलगडतात, त्यामुळे तंतू कुरळे राहतात. त्या कुरळ्या तंतूंच्या थरावर लेटेक्सचा फवारा मारतात, थरांवर थर ठेवून दाबतात आणि उष्णता देऊन रबर पक्कं करतात. गादीला जी उसळी मिळते ती तंतूंच्या या कुरळेपणाची आणि ते जिथे जिथे एकमेकांना चिकटतात त्या रबराच्या गाठींची असते. पायथ्याकडच्या टोकाला हे सगळं शाबूत होतं, दाबून सोडलं की वर यायचं. कंबरेकडच्या टोकाला तंतू सरळ होऊन एकावर एक आडवे पडले होते, मधली हवा गेली होती. बोटाने चोळलं की तपकिरी भुकटी पडायची, तंतूंचे बोटाच्या पेराएवढे तुकडे निघायचे आणि रबर ताणायच्या आधीच कडकन तुटायचं. ते पुन्हा उभं राहणं शक्यच नव्हतं. गादी उलटी-पालटी केली असती तर झीज वाटली गेली असती आणि हा दिवस लांबला असता, पण दबलेला काथ्या उलटवल्याने पुन्हा फुगत नाही. कडक उन्हात वारंवार टाकल्यानेही फुगत नाही, उलट उन्हाने रबर लवकर ठिसूळ होतं. सादळलेली गादी वाळवायची तर वाऱ्यावर, सावलीत उभी करावी.

ज्यांना गादी न फाडता काथ्याची अवस्था बघायची असेल त्यांनी ती उचलून खालच्या प्लायवर पाहावं. तपकिरी भुकटीचा पट्टा कंबरेच्या रेषेत साचलेला दिसला, किंवा गादी हळूच वाकवल्यावर करकर आवाज आला आणि नेमकी त्या रेषेत घडी पडायला लागली, तर आत काय झालं असेल ते सांगायला नको.

मग शोध सुरू झाला नव्या गादीचा. पहिला प्रश्न कडकपणाचा. पाठ दुखत असेल तर कडक गादीवर झोपा, हा सल्ला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पक्का होता. याच्या विरोधात जाणारा एक चांगला अभ्यास आहे. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना कडक आणि मध्यम कडक अशा दोन प्रकारच्या गाद्या दिल्या, ९० दिवस पाहिलं आणि २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. तुलना कडकपणाची होती, काथ्या चांगला की फोम, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. पण कडक म्हणजेच चांगली, हे आमच्या मनातून त्याने काढून टाकलं.

कडकपणा आपल्याला किती हवा हे झोपूनच कळतं, आणि ते बसून किंवा पंज्याने दाबून बघण्यापेक्षा फार वेगळं असतं. आम्ही प्रत्येक गादीवर रोजच्या सवयीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचो आणि दुसऱ्याने पाठीमागून गादीच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढायचा. मानेच्या मुळापासून माकडहाडापर्यंतची रेषा फोटोत आडवी, सरळ यायला हवी. कडक कॉयरवर माझा खांदा आत जातच नव्हता, त्यामुळे मान खाली झुकलेली आणि कंबर लोंबलेली दिसली. खूप मऊ फोमवर नितंब खोल गेले आणि रेषा मधेच खाली वाकली. पाठीवर झोपणाऱ्यासाठी सोपी खूण अशी की कंबरेच्या पोकळीखाली तळहात थोड्या प्रयत्नाने सरकला पाहिजे. आरपार सहज गेला तर गादी कडक, अजिबात गेला नाही तर मऊ. माझं वजन कमी आणि नवऱ्याचं बरंच जास्त, त्यामुळे जी गादी मला मध्यम ती त्याला मऊ. हे दोघांनी एकत्र झोपून पाहिल्याशिवाय कळलं नसतं.

फोमच्या बाबतीत सगळा घोळ डेन्सिटी या शब्दाभोवती असतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. तिचा कडकपणाशी थेट संबंध नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊही करता येतो आणि २४ चा कडकही. डेन्सिटीवरून कळतं ते हे की फोमच्या भिंतींत माल किती आहे आणि त्या किती वर्षं तग धरतील. रोजच्या झोपेसाठी, विशेषतः जड माणसासाठी, आधाराचा थर मी ३२ च्या खाली घेणार नाही. २४ चा फोम सुरुवातीला छान लागतो, पण तोच लवकर मऊ पडतो.

फोम कापून देणाऱ्या एका कारागिराने मला एक सोपी युक्ती दाखवली. “ताई, नंबर ऐकू नका, तुकडा काट्यावर ठेवा,” तो म्हणाला. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच तुकडा म्हणजे बरोबर एक लिटर. तो जितके ग्रॅम भरेल तितकी त्याची डेन्सिटी. नमुन्याचे तुकडे बहुधा पाच सेंटिमीटर जाडीचे असतात, तेव्हा आलेलं वजन दुप्पट करायचं. मी घरचा छोटा डिजिटल काटा पिशवीत ठेवायला लागले. ४० म्हणून दाखवलेला एक नमुना १४ ग्रॅम भरला, म्हणजे डेन्सिटी २८. दुसरीकडचा तसाच तुकडा २० ग्रॅम भरला, तो खरा ४०.

या युक्तीला दोन मर्यादा आहेत. फोममध्ये चुन्याच्या दगडाची भुकटी मिसळून त्याचं वजन वाढवता येतं. असा फोम चिमटीत चोळला की खरखरीत लागतो, सहज फाटतो आणि दाबून सोडल्यावर रेंगाळत वर येतो. आणि रिबॉन्डेड फोमचा आकडा साध्या फोमच्या आकड्याशी तोलायचा नसतो. तो फोमच्या रंगीबेरंगी कातरणांना चिकटद्रव्य लावून, दाबून तयार करतात. त्याची डेन्सिटी ८०-१०० सहज असते, पण ती दाबल्यामुळे आलेली. तो कडक असतो, काथ्याच्या जागी तळाला वापरतात, तिथे ठीक आहे. “शंभर डेन्सिटी” असं ऐकून तो चाळीसच्या एचआर फोमपेक्षा अडीचपट चांगला समजू नये. एचआर म्हणजे जास्त उसळीचा फोम. दाबल्यावर तो लगेच परततो आणि साध्या फोमपेक्षा हळू थकतो. मेमरी फोम आम्ही बाजूला ठेवला. तो अंगाच्या उष्णतेने मऊ होतो, साचा घेतो आणि सावकाश परततो. खांद्याला सुखद वाटला, पण कूस बदलताना नवऱ्याला त्यातून निघायला जोर लावावा लागला आणि त्याला उकडलंही.

स्प्रिंगच्या गाद्यांत आम्ही फार वेळ घालवला नाही, तरी एक गोष्ट पाहिली ती महत्त्वाची. बोनेल प्रकारात मधे बारीक होत गेलेल्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हेलकावा बसतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते, एक दबली तरी शेजारची दबत नाही. वजनात इतका फरक असलेल्या आमच्यासारख्या जोडप्यांना ती खरंच सोयीची आहे, आणि स्प्रिंगांमधून हवा खेळत राहते. पण स्प्रिंगवर कुणी थेट झोपत नाही. वर फोम आणि नमद्याचे थर असतात आणि बहुतेक गाद्यांमध्ये आधी थकतात ते तेच. पोलाद शाबूत असतं आणि गादी मात्र खड्ड्याखड्ड्यांची झालेली असते. तळहात सपाट ठेवून जोर दिल्यावर स्प्रिंगची वर्तुळं मोजता आली, गुडघा टेकवल्यावर कुरकुर झाली, किंवा कडेला बसल्यावर गादी बाहेरच्या बाजूला कलंडायला लागली, की तिचे दिवस भरले.

लेटेक्सवर मी आधीपासून साशंक होते, कारण त्याची स्तुती फार ऐकली होती. जवळून पाहिल्यावर मत बदललं. हे रबराच्या चिकापासून किंवा कृत्रिम रबरापासून, बऱ्याचदा दोन्ही मिसळून केलेलं फेसाळ रबर. डनलॉप पद्धत १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये निघाली: चीक फेटून फेस करायचा, साच्यात ओतायचा आणि वाफेने पक्का करायचा. साच्याला आतून धातूच्या खुंट्या असतात, त्या उष्णता फेसाच्या गाभ्यापर्यंत नेतात. लेटेक्सच्या थराला दिसणारी भोकं त्या खुंट्यांची. टालाले पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वात करतात, फेस फुगून साचा भरला की तो गोठवतात आणि मग पक्का करतात, त्यामुळे तो जास्त एकसारखा आणि हलका येतो. वापरताना मला जाणवलेला फरक असा की लेटेक्स खांद्याला आत जागा देतं आणि तरी कंबरेला लगेच खालून भिडतं. दाबून हात काढला की त्याच क्षणी परत. डेन्सिटी साधारण ६५ ते ९० च्या दरम्यान, म्हणून जड.

याच जडपणामुळे लेबल वाचताना फसगत ओळखू येते. आमच्या मापाची, म्हणजे ७२ बाय ७८ इंचांची आणि सहा इंच जाड गादी अख्खी ८० डेन्सिटीच्या लेटेक्सची असेल तर नुसता गाभा ४४ किलोच्या आसपास भरायला हवा. लेटेक्स गादी म्हणून दाखवलेली एक गादी आम्ही दोघांनी सहज उचलून उभी केली. झिप उघडायला लावली तर वर एक इंच लेटेक्स आणि खाली रिबॉन्डेड फोम. तीही गादी वाईट असेलच असं नाही, पण तिचं आयुष्य त्या एका इंचावर ठरणार नाही. लेटेक्स म्हातारं होतं ते वेगळ्या रीतीने: फारसं बसत नाही, पण ऊन आणि हवेमुळे त्याचा पृष्ठभाग पिवळा पडून कडक होतो, मग त्याचा चुरा निघायला लागतो. म्हणून ते कधी उघडं उन्हात टाकायचं नाही आणि झिप उघडून वर्षातून एकदा कडा बोटाने चोळून पाहायच्या. घरात कुणाला रबराची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अख्खी लेटेक्सची गादी मला आवडली होती, पण ती फिरवायला आम्ही दोघं पुरलो नसतो. आणि कापलेल्या गादीने एक गोष्ट दाखवली होती: आधी थकतो तो वरच्या बाजूचा भाग, तळ बराच काळ ठीक असतो, आणि सगळं एकत्र शिवलेलं असल्यामुळे सगळंच फेकावं लागतं. म्हणून आम्ही झिपच्या खोळीत सुटे ठेवलेले दोन थर घेतले. खाली चार इंच ४० डेन्सिटीचा, कडकपणात मध्यमच्या वरचा एचआर फोम, वर दोन इंच डनलॉप लेटेक्स. घरी आल्यावर वजनकाट्यावर आधी स्वतः उभी राहून आणि मग गुंडाळलेला थर धरून उभी राहून फरक काढला. फोम १५ किलोच्या जवळ आणि लेटेक्स १४ किलोच्या जवळ भरलं. मापावरून काढलेल्या आकड्यांशी दोन्ही जुळले.

नव्या गादीचं पहिलं माप त्याच फळीने आणि त्याच कॅनने घेतलं: कंबरेच्या जागी २६ मिलिमीटर, पायथ्याकडे २६. हे आकडे आणि तारीख कापडी पट्टीवर लिहून ती पट्टी झिपच्या आत टाचली आहे. काही महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा कंबरेच्या जागी २९ आले. सुरुवातीचं एवढं मऊ पडणं फोममध्ये होतंच, पेशींच्या काही पातळ भिंती पहिल्या वापरात फुटतात. त्यानंतर आकडा २९ वरच आहे. नवऱ्याची कंबर आता सकाळी धरत नाही. माझ्या खांद्याला थोडा वेळ लागला आणि त्यासाठी उशी पातळ करावी लागली, कारण खांदा आत जायला लागल्यावर जुनी उशी उंच पडत होती.

लेटेक्सचा थर दर ऋतूला डोक्याकडून पायाकडे फिरवतो, फोमचा थर त्याच्या निम्म्या वेळा. मी स्वतःसाठी ठरवलेली रेषा अशी: कंबर आणि पायथा यांच्या मापातला फरक १० मिलिमीटरच्या पुढे गेला की झिप उघडून दोन्ही थर वेगवेगळे मोजायचे आणि जो दबला असेल तेवढाच बदलायचा. पाहुण्यांच्या खोलीतल्या फोमच्या गादीत तो फरक १६ होता. ती पुढच्या महिन्यात जाईल.